कॅटापल्ट, ट्रेबुशे आणि गोफणयंत्र

प्रश्न: 'कॅटापल्ट आणि ट्रेबुशे, दोन्हींना मराठीत गोफणयंत्रच म्हणायचं का? दोन्हींत बेचकीसारखा ताणच असतो ना?'

दोन्ही वेढ्यात वापरायची जुनी फेकयंत्रं, पण ताण फक्त कॅटापल्टमध्ये असतो. ट्रेबुशेत उंच उचलून धरलेलं ओझं असतं. म्हणून मी पहिल्याला पीळयंत्र म्हणेन आणि दुसऱ्याला भारयंत्र. गोफण काही कॅटापल्टांनाही असते, त्यामुळे त्या नावाने फरक कळत नाही.

दगडफेके ग्रीक-रोमन कॅटापल्ट जनावरांच्या कंडरांच्या किंवा केसांच्या दोरांवर चालत. त्यांचा जाड जुडगा चौकटीच्या भोकांतून ओवून घट्ट पिळायचा आणि त्यात लाकडी दांडा खोचायचा. दांडा मागे ओढला की पीळ आणखी वाढतो, सोडला की उलगडतो. ऊर्जा जुडग्याच्या आकारमानात साठते, म्हणून ग्रीकांच्या नियमाप्रमाणे दगड आठपट जड हवा तर भोकाचा व्यास दुप्पट करावा लागे. म्हणजे दोरही साधारण आठपट. शिवाय दमट हवेत कंडरा सैल पडतात.

भारयंत्रात आसावर फिरणाऱ्या तुळईच्या एका टोकाला ओझ्याचा खोका असतो आणि दुसऱ्या टोकाला गोफण. जास्त ऊर्जा हवी तर खोक्यात आणखी माती-दगड भरायचे. अर्थात तुळई आणि आस ते पेलतील तेवढेच. समजा 6 टनांचा खोका 3 मीटर खाली येतो. त्यातून सुमारे 1,76,000 जूल मिळतात. 100 किलोचा दगड 200 मीटरवर टाकायला, हवेचा विरोध सोडला तर, साधारण 98,000 जूल लागतात. उरलेली ऊर्जा घर्षणात आणि तुळई हलवण्यात जाते. खोका वर चढवायला दहा माणसांनी रहाट फिरवला, तरी चार-पाच मिनिटं सहज जातील. सुटताना तीच मेहनत एक-दोन सेकंदांत बाहेर पडते.

(दोरीने माणसं ओढत ते जुनं मंजनीक वेगळं. सिंधमधल्या देबल बंदराच्या वेढ्यात 'अल-अरूस' म्हणजे 'नवरी' नावाचं मंजनीक चालवायला 500 माणसं लागत, असं अरब इतिहासकार सांगतात. त्यात आधी काहीच साठवलेलं नसे, सगळा जोर त्या क्षणीचा.)

मग भारयंत्रातल्या गोफणीचं काम काय? ती ऊर्जा साठवत नाही, दगडाकडे पोचवते. तुळई उभी होत आली की गोफण तिच्या टोकाभोवती झपाट्याने फिरते, खोक्याचा आणि तुळईचा वेग मंदावतो आणि बराचसा जोर दगडात उतरतो. दगड सुटल्यावरही तुळई जोरजोरात हेलकावत राहिली, तर समजावं की ऊर्जा यंत्रातच अडकली. गोफणीची कडी तुळईच्या टोकाच्या आकड्यावरून निसटते. आकडा फार सरळ असेल तर ती लवकर निसटते आणि दगड जवळजवळ सरळ आभाळात जातो, कधी मागेही पडतो. फार वाकडा असेल तर उशिरा निसटते आणि दगड तटाच्या अलीकडेच जमिनीवर आपटतो. मग कारागीर आकडा थोडा वाकवून पुन्हा दगड टाकून बघत.