ब्रह्मांडातलं अंडं आणि कपाळ

‘ब्रह्मांड’ शब्दातलं अंड म्हणजे खरंच अंडं, की गोल म्हणून तसं म्हणतात? आणि हिरण्यगर्भ म्हणजे तेच का?

गोल वस्तूला अंड म्हणायची रीत आहेच. स्तूपाच्या घुमटाला ‘अंड’ म्हणतात, आणि इथे बडोद्यात आमचे गुजराती शेजारी देवळाच्या कळसालाही ‘ईंडुं’च म्हणतात. पण ब्रह्मांडातलं अंडं खरोखरचं, फुटणारं. छांदोग्य उपनिषदात (3.19) ते वर्षभर पडून राहतं आणि मग दुभंगतं. चांदीच्या अर्ध्याची पृथ्वी होते, सोन्याच्या अर्ध्याचं आकाश. बाहेरच्या वेष्टनाचे डोंगर, आतल्या पडद्याचे ढग नि धुकं, शिरांच्या नद्या, आतल्या पाण्याचा समुद्र. बाहेर येतो तो सूर्य.

त्या वेष्टनाला तिथे ‘जरायु’ म्हटलंय. जरायु असतो गर्भाभोवती, पक्ष्याच्या अंड्यात नव्हे. म्हणून तर आपण प्राण्यांचे जरायुज आणि अंडज असे वेगळे गट करतो. सांगणाऱ्याने इथे अंडं आणि गर्भ सरळ एकत्र केले आहेत.

हिरण्यगर्भाचं उत्तर यातच आहे. ऋग्वेदातल्या त्या सूक्तात (10.121) ‘अंड’ शब्द येतच नाही, तिथे गर्भ आहे आणि तो धारण करणारं अफाट पाणी. शतपथ ब्राह्मणात हेच पाणी तप करतं, त्यातून सोन्याचं अंडं होतं, वर्षभर तरंगतं आणि त्यातून प्रजापती निघतो. मनुस्मृतीत त्या जागी ब्रह्मा येतो. तेव्हा ब्रह्मांड म्हणजे ब्रह्म्याने घातलेलं अंडं नव्हे, ब्रह्मा ज्यातून जन्मला ते.

मला खरी गंमत वाटते ती दुसऱ्याच शब्दाची. छांदोग्यात अंड्याच्या दोन अर्ध्यांना ‘कपाल’ म्हटलंय. कपाल म्हणजे टरफल, यज्ञात पुरोडाश भाजायची खापरी आणि डोक्याची कवटीही. मराठीत कपाळ पुढे सरकून भुवयांच्या वर थांबलं, पण ‘कपाळमोक्ष’ झाला की फुटतं ते डोकंच. आता पुरुषसूक्त आठवा: देव पुरुषाचा यज्ञ करतात, त्याच्या डोक्यापासून आकाश होतं, पायांपासून भूमी. उत्तर युरोपातल्या नॉर्स कथेत यमिर नावाच्या राक्षसाला मारून त्याच्या कवटीचं आकाश करतात आणि रक्ताचा समुद्र. वर पालथं घातलेलं ते टरफल की कवटी, हा प्रश्न संस्कृतात एकाच शब्दात मिटतो.

एवढ्यावरून अंड्याची आणि राक्षसाची गोष्ट मुळात एकच होती, असं मात्र मी म्हणणार नाही. यमिरच्या कथेत अंडं नाहीच. दोन्ही एकत्र हवं असेल तर चिनी पान्गू पाहावा: तो अंड्यात अठरा हजार वर्षं वाढतो आणि मेल्यावर त्याच्या श्वासाचा वारा होतो, डोळ्यांचे सूर्य-चंद्र.