कोणता चार्ट घ्यायचा?

प्रश्न: एक चार्ट बनवायचाय, डिझाइन कसं करू, कोणता टाइप चांगला दिसेल?

डेटा कसलाय, बघणार कोण ते लिहिलं नाहीये, म्हणून सोसायटीच्या लाइट बिलाचं उदाहरण घेतो. आधी चार्टमधून काय सांगायचंय ते एका वाक्यात लिहा. "उन्हाळ्यात बिल वाढतं" असेल तर बारा महिन्यांची लाइन, आणि "लिफ्टच सगळ्यात जास्त खाते" असेल तर आडवे बार, मोठा वर, लिफ्टचा गडद बाकी करडे. बारचा अक्ष शून्यापासूनच ठेवा हं, १७ हजारापासून सुरू केला तर १८ च्या शेजारी २० हजाराचा बार तिप्पट लांब दिसतो आणि मीटिंगमध्ये उगाच भांडणं होतात. ग्रुपवर मोबाइलमध्ये बघणार असतील तर आकडे बारवरच लिहा.