कापसावरच्या मुगाला आलेली पांढरी लव

> पहिलीच्या वर्गात कापसावर मूग लावलेत. तिसऱ्या दिवशी मुळांभोवती पांढरं लोकरीसारखं काहीतरी आलंय. बुरशीच ना? सगळं फेकून परत लावू का? आणि मुलांनी आज डायरीत काय लिहायचं?

फेकू नका! फोटो नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही, पण तिसरा दिवस आणि फक्त मुळाभोवती लव म्हणजे ते बहुतेक मूलरोम आहेत. मुळाला पाणी शोषायला मदत करणारे बारीक केस. मातीत ते आपल्याला दिसत नाहीत, कापसावरच्या दमट हवेत छान दिसतात.

खात्री करायची तर भिंग घ्या आणि एकच मूळ नीट बघा. मुळाचं अगदी टोक उघडं, गुळगुळीत असेल आणि त्याच्या जरा मागे चहूबाजूंनी सारख्या लांबीचे आखूड केस असतील, तर ते मूलरोम. बुरशीला अशी शिस्त नसते. ती बहुतेकदा फुटलेल्या किंवा न रुजलेल्या दाण्यावर सुरू होते, तिचे धागे दाण्यावरून कापसावर आणि शेजारच्या दाण्यावर जातात, पुढे त्यात करडे-काळे ठिपके दिसतात. दाणा दाबला तर पिचकतो आणि कुबट वास येतो. आणखी एक सोपी परीक्षा म्हणजे त्या मुळावर पाण्याचा हलका फवारा मारणं. मूलरोम ओले होऊन मुळाला चिकटतात, लव गायब झाल्यासारखी वाटते आणि पाणी सुकलं की बऱ्याचदा परत दिसते. मात्र बुरशीचे धागेही पाण्याने थोडे बसतात, म्हणून नुसत्या फवाऱ्यावर निकाल देऊ नका, जागा आणि वास दोन्ही बघा.

एवढं लांबण लावतेय कारण आमच्याकडे हेच घडलं होतं. कार्यालयातून कोणीतरी वर्गात डोकावलं, 'बुरशी आलीय, मुलं आजारी पडतील' म्हणून शनिवारी सगळे पेले रिकामे करायला लावले. वर्गशिक्षिकेला विचारायची तसदीही नाही. सोमवारी मुलं डायऱ्या उघडून बसली, समोर धुतलेले पेले. परत लावायचं म्हटलं तर 'उपक्रमाचा आठवडा संपला'. वर नोंदींचे तक्ते पूर्ण भरून मागितले, म्हणजे रोपं नाहीत पण त्यांची उंची लिहा! असो. तुम्ही आजच पेल्यांपाशी चिठ्ठी लावून ठेवा: 'ही मुळं आहेत, बुरशी नाही. विचारल्याशिवाय हलवू नये.'

खरी बुरशी दिसली तर तेवढा दाणा आणि त्याखालचा कापूस मोठ्यांनीच चिमट्याने काढावा. अर्धा पेला बुरसटला असेल तर तो पूर्ण टाकावा, तिथे भावनिक होऊ नये. बुरशीचं कारण बहुतेक वेळा जास्तीचं पाणी असतं. प्रत्येक मुलाला 'माझ्या झाडाला' पाणी घालायचं असतं आणि दाणे बुडतात, त्यांना हवा मिळत नाही, ते कुजतात. पेला तिरका केल्यावर कडेला पाणी साचलं तर ते ओतून टाका. बोट लावल्यावर कापूस ओला लागला की त्या दिवशी पाणी नाही.

आता डायरी. पहिलीच्या मुलाला सेंटिमीटरचा रकाना देणं मला अजिबात पटत नाही. पट्टीवरचा शून्य कुठे धरायचा इथेच गाडी अडते आणि मग शेजाऱ्याचा आकडा उतरवला जातो. त्यापेक्षा कागदाची अरुंद पट्टी मुळाशेजारी धरून तेवढीच कापायची आणि तारखेखाली चिकटवायची. रोजच्या पट्ट्या शेजारी शेजारी आल्या की वाढ आपोआप दिसते. जोडीला एक चित्र आणि एक ओळ, बास. मूळ मोजायला दाणा उपटू नये म्हणून दोन-तीन दाणे पारदर्शक पेल्याची भिंत आणि कापूस यांच्या फटीत ठेवा.

आजची नोंद तर आयतीच मिळालीय. फवाऱ्याआधी एक चित्र, लगेच नंतर एक, आणि मधल्या सुट्टीनंतर तिसरं. एका मुलीने लिहिलं होतं: 'मुळाला केस आहेत. पाणी मारलं. केस गेले. परत आले.' शुद्धलेखन तपासायच्या भानगडीत पडू नका, आणि ज्याचा दाणा रुजलाच नाही त्याला दुसऱ्याचं चित्र काढायला लावू नका. 'आज काही झालं नाही, दाणा मऊ झाला' ही नोंदसुद्धा चालते.

पुढच्या वेळी दाणे रविवारी रात्री भिजत घाला. सोमवारी कापसावर ठेवले की मूळ फुटणं आणि वाकलेला कोंब वर येणं बहुधा शाळेच्या दिवसांतच बघायला मिळतं. थंडीत एखाद-दोन दिवस जास्त धरा. पानं उघडली की रोपं मातीत हलवा, कारण कापसात अन्न नाही आणि दाण्यातला साठा संपत आलेला असतो. मुळं कापसात गुंतलेली असतील तर ओढू नका, कापसासकट लावा.