कादंबरी लिहिण्याबद्दलच्या कादंबरीत निवेदक सारखा मध्ये बोलत असेल, तर वाचक हलतो कसा?

प्रश्न: मी कोल्हापूरची. माझ्या कादंबरीची नायिका 2019 च्या पुरात गेलेल्या भावावर कादंबरी लिहितेय आणि लिहिता लिहिता स्वतःच्याच लिखाणावर बोलत राहते. ज्या चौघांना वाचायला दिली त्यांचं म्हणणं एकच: ‘हुशारीनं लिहिलंय, पण आत काही हललं नाही.’ ते बोलणं काढूनच टाकू का?

उत्तर:

सगळं काढू नका. निम्मं तरी जाईल, पण कुठलं निम्मं ते आधी ठरवू.

‘हे मी रचतेय’ असं निवेदिका म्हणाली की भावना तुटते, असा एक समज आहे. तसं होत नाही. हे रचलेलं आहे हे वाचकाला पुस्तक हातात घेतानाच माहीत असतं. कीर्तनात बुवा ऐन रंगात आलेलं आख्यान थांबवतात, तबलजीला खूण करतात, मागं बसलेल्यांना ‘पुढं सरका’ म्हणतात, मध्येच आजच्या जमान्यावर एक टोला हाणतात. तरी त्याच आख्यानाच्या शेवटी पदर डोळ्यांना लागतात. भावना तुटते ती बोलणाऱ्याचं त्या गोष्टीत काहीच अडकलेलं नाही, असं वाचकाला जाणवतं तेव्हा. निवेदिका स्वतःच्या दुःखाच्या बाहेर खुर्ची टाकून बसली, की वाचकही तिच्या शेजारी खुर्ची ओढतो.

बोलणाऱ्याचं अडकलेलं असणं म्हणजे काय, हे इंग्रज कादंबरीकार इयन मॅकइवनच्या 2001 सालच्या ‘अ‍ॅटोनमेंट’मध्ये फार जवळून बघता येतं. (पुढं शेवट फोडलाय. वाचायची असेल तर हा आणि पुढचे दोन परिच्छेद सोडा.) पहिल्या भागात 1935 मधला उन्हाळ्याचा एक दिवस आहे. घरासमोरच्या कारंज्यापाशी फुलदाणी फुटते. तेरा वर्षांची ब्रायनी खिडकीतून बघते तेव्हा बहीण आणि मोलकरणीचा मुलगा रॉबी तिथं उभे आहेत, मग बहीण पाण्यात उतरते. ब्रायनीला त्याचा अर्थ चुकीचा लागतो आणि त्याच रात्री तिनं दिलेल्या खोट्या साक्षीवर रॉबी तुरुंगात जातो. हा भाग पुस्तकाचा जवळपास निम्मा आहे आणि त्यात कुणी उघडपणे ‘मी हे लिहितेय’ म्हणत नाही.

नंतर तिसऱ्या भागात, 1940 मध्ये, लंडनच्या रुग्णालयात नर्सचं काम शिकणाऱ्या ब्रायनीला एका मासिकाच्या संपादकाचं पत्र येतं. त्या कारंज्याच्या प्रसंगावर तिनं लिहून पाठवलेली कथा साभार परत. पत्र लांबलचक आणि सौजन्याचं आहे, आणि सगळं कारागिरीबद्दल. मिंग फुलदाणी इतकी मोलाची असते, ती कुणी बाहेर नेईल का? घरचं कारंजं ज्याची नक्कल आहे, ते रोममधलं मूळ कारंजं अमुक चौकात नसून तमुक चौकात आहे. लिखाण सुंदर आहे, पण गोष्टीला कणा नाही. आणि मग तो सहज सुचवतो: खिडकीतून बघणाऱ्या त्या मुलीनं दोघांच्या मध्ये येऊन काही अनर्थ केला, असं दाखवता येणार नाही का? त्याला बिचाऱ्याला काही माहीत नाही. तिनं तेच केलंय आणि कथेतून तेवढंच गाळलंय. अख्ख्या पत्रात भावनेचा एक शब्द नाही, निव्वळ लेखनावरचं भाष्य आहे, पण वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. बोलणाऱ्याला कमी माहीत आहे आणि ऐकणारीला जास्त, एवढीच त्यातली यंत्रणा.

आता पहिला भाग परत उघडा. तिथं फुलदाणी मिंग नाही, मायसनची आहे. रोममधलं मूळ कारंजंही योग्य चौकात आहे. म्हणजे आपण वाचलेला मजकूर हा संपादकाच्या सूचना स्वीकारून केलेला पुढचा खर्डा होता. फुलदाणी बदलली, चौक बदलला, कणाही आला. जे घडलं ते मात्र बदलता येत नाही. शेवटी, 1999 मध्ये, सत्त्याहत्तर वर्षांची ब्रायनी सांगते की बहीण आणि रॉबी 1940 मध्येच गेले आणि त्यांची भेट तिनं रचली. त्यावर चिडणारे वाचक आहेत, आणि त्यांचा राग मला समजतो. पण तो खुलासा चालतो, कारण खरं हे रचलेल्यापेक्षा वाईट निघतं आणि रचण्यामागं तिचा गुन्हा उभा असतो. ‘हे सगळं खोटं होतं’ एवढंच सांगून हात झटकले असते तर पुस्तक तिथंच मिटलं असतं.

आता तुमच्या कादंबरीकडे. मजकूर माझ्यासमोर नाही, म्हणून एक नमुना रचतो. भाऊ चिखलीच्या घरी म्हशीचं दावं सोडायला परत जातो, एवढं धरू. अशा लिखाणात भाष्य बहुतेक वेळा असं पडतं:

*‘म्हशीचं दावं सोडायला तो परत गेला. पाणी वाढत होतं. पण “पाणी वाढत होतं” हे वाक्य किती दुबळं आहे! शब्दांत पूर मावतो का? मी लिहितेय तो माझा भाऊ, की माझ्या भाषेनं घडवलेला दुसराच कुणी?’*

वाक्यं वाईट नाहीत. पण पुराच्या जागी वणवा घाला, भावाच्या जागी आजी घाला, काही फरक पडत नाही. हे भाष्य साहित्याबद्दल आहे, या भावाबद्दल नाही. वाचकाचं लक्ष गोठ्यातून उचलून ते परिसंवादाच्या मांडवात नेऊन बसवतं. आता हे बघा:

*‘म्हशीचं दावं सोडायला तो परत गेला तेव्हा गोठ्यात पाणी गुडघ्याएवढं होतं. गुडघ्याएवढं असं मी आधीच्या तिन्ही खर्ड्यांत लिहिलंय. गुडघ्याएवढ्या पाण्यातून माणूस परत येतो. कंबरेएवढं होतं. त्यानं मला फोनवर सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, “मग पटकन जा की.”’*

इथंही निवेदिका स्वतःच्या लिखाणावरच बोलतेय. पण प्रत्येक दुरुस्ती गोष्टीतली वस्तुस्थिती बदलते आणि बदल तिच्या विरुद्ध जातो. गुडघा लिहिणं ही तिची पळवाट होती. खर्डा सुधारणं म्हणजे कबुली देणं, असं झालं. आणि ‘मग पटकन जा की’ नंतर एक अक्षर नको. ‘हे लिहिताना माझा हात थरथरतोय’ असं तिनं म्हटलं, तर वाचकाचा थरथरायचा हक्क तिनं आधीच वापरून टाकला.

हा धक्का एका जागी मात्र उभा राहत नाही, त्याची पेरणी लागते. अडीचशे पानांची कादंबरी धरली, तर विसाव्या पानाच्या आसपास ‘पाणी गुडघ्याएवढं’ नुसतं येऊन जाऊ दे, भाष्याविना. शंभरीच्या पुढं कुठं तरी ती म्हणू दे, ‘गुडघा की मांडी, बघायला हवं’, आणि पुढं जाऊ दे. वाचक त्याला लेखिकेची काटेकोरी समजेल, समजू दे. कबुली दोनशेच्या पलीकडे. तोवर तिच्याकडून बाकीचे आकडे अगदी नेमके येऊ देत: राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, आणि त्या ऑगस्टात पाणी 55 च्याही वर गेलं. पंचगंगेची फूट-इंचांतली उंची जिला तोंडपाठ आहे, तिला गोठ्यातलं पाणी नेमकं आठवू नये, हे कबुलीनंतर वाचकाच्या लक्षात येईल. त्याचं त्याला येऊ दे.

आता ‘सारखं’ बोलण्याचं. नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक हळव्या प्रसंगाच्या शेपटीला भाष्य जोडणं. दोनदा झालं की वाचकाला ताल कळतो आणि तिसऱ्या वेळी तो प्रसंगात उतरतच नाही, कारण आता बाई येऊन दिवा लावणार हे त्याला माहीत असतं. म्हणून भाष्य प्रसंगाच्या आधी ठेवा, दोन प्रसंगांच्या मधल्या सपाट जागी ठेवा, किंवा ऐन मध्ये, तिला पुढचं वाक्य लिहवत नाही म्हणून येऊ दे. तिसरी जागा सगळ्यांत जोरकस आणि म्हणूनच लवकर संपणारी. अख्ख्या पुस्तकात दोनदा पुरे.

एरवी पानोपानी बोलू दे तिला. बडबड्या निवेदकाचा एक फायदा असतो, त्याचं गप्प होणं ऐकू येतं. लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’त निवेदक क्षणभर तोंड मिटत नाही, स्वतःच्या पुस्तकाच्या रचनेवर तर सतत बोलतो. पण 1759 मध्ये आलेल्या पहिल्याच खंडात पाद्री योरिक मरतो, तेव्हा पुढचं पान दोन्ही बाजूंनी निव्वळ काळं छापलेलं आहे. हीच युक्ती उचलू नका, ती त्याची झाली. तुमच्या निवेदिकेनं अख्ख्या पुस्तकात कुठल्या एका गोष्टीवर कधीच भाष्य केलेलं नाही, ते शोधा. नसेल तर तशी एक ठेवा: म्हशीचं पुढं काय झालं ही असू शकेल.

तपासायला छापील प्रत घ्या आणि दोन रंगांचे हायलायटर. ज्या भाष्यानं गोष्टीतली एखादी बाब बदलते, लपते किंवा उघडी पडते, ते हिरवं. जे दुसऱ्या कुठल्याही कादंबरीत जसंच्या तसं बसेल, ते गुलाबी. गुलाबी सगळं काढा. जिथं जीव तुटतो तिथं आठवडाभर दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा, बहुतेक वेळा परत आणावंसं वाटत नाही. हिरवं मात्र काढाल तिथं पुढचं काही तरी अडेल. तसं काहीच अडलं नाही, तर ते चुकून हिरवं झालं होतं.

मग चौघांपैकी कुणाला देऊ नका, पाचव्याला द्या, आणि ‘कशी वाटली’ विचारू नका. ‘कशाबद्दल आहे?’ विचारा. ‘कादंबरी कशी लिहितात त्याबद्दल’ असं उत्तर आलं, तर अजून गुलाबी शिल्लक आहे. ‘एका बाईनं भावाला परत पाठवलं आणि तिला ते लिहवत नाही’ असं आलं, तर प्रत मागून घ्या आणि त्या माणसानं कबुलीच्या पानापाशी पेन्सिलीनं काही लिहिलंय का बघा. त्या पानाचा समास कोरा असला तर उत्तमच.