गोळ्यांनी पाळी येते, पण थांबवल्या की बंद होते

"वजन कमी आहे म्हणून आधी कौतुकच झाले. आता सात महिने पाळी नाही. गोळ्या घेतल्या की येते, थांबवल्या की पुन्हा बंद. एरवी काही त्रास नाही, मग काळजी करायला हवी का?"

हो, करायला हवी, आणि कारण समजावे म्हणून माझ्याकडे आलेल्या एका बावीस वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगते. तिचीही पाळी अशीच फक्त गोळ्यांनी येत होती. उंची १६० सेंटिमीटर, वजन ५० किलोंवरून ४२ वर आलेले, म्हणजे बॉडी मास इंडेक्स साधारण १६.४, निरोगी प्रौढांसाठी तो किमान १८.५ असावा लागतो. तिने जेवण कमी केले होते आणि रोजचे धावणे वाढवले होते. गर्भधारणा, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन यांच्या तपासण्यांत काही निघाले नाही; अंडाशयांना काम करायला सांगणारी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके मात्र खालच्या पातळीवर होती, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरकही फारच कमी. अंडाशय ठीक होते, त्यांना मेंदूकडून येणारा संदेशच मंदावला होता. पुरेशी ऊर्जा मिळत नाही असे दिसले की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग प्रजननाचे काम बाजूला ठेवतो, आणि हे वजन फारसे न घटताही होऊ शकते.

गोळ्यांनी येणारा रक्तस्राव हा त्या गोळ्यांतील संप्रेरके थांबल्याचा परिणाम असतो. स्वतःचे चक्र सुरू झाल्याची ती खूण नव्हे. तिला हे पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव दिसत असताना काही बिघडले आहे असे कोणालाही वाटत नाही.

तोवर हाडांचे नुकसान चालूच होते. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखून धरते. ते कमी झाले की झीज वाढते, आणि उपासमारीत हाड बांधणारी इतर संप्रेरकेही घटल्यामुळे नवे हाड कमी तयार होते. विशीच्या दशकात हाडांची जी कमाल घनता साठायची, ती साठतच नाही. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत तिच्या कण्याचा झेड स्कोअर, म्हणजे समवयस्कांच्या सरासरीशी केलेली तुलना, उणे १.८ आला; उणे २ किंवा त्याखालील घनता वयाच्या मानाने कमी धरतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तिला दिले, पण ऊर्जेची उणीव त्यांनी भरत नाही.

खाण्याची भीती तिने दुसऱ्या भेटीत बोलून दाखवली. म्हणून आहारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मी असे मिळून काम केले: धावणे थांबवले, आहार टप्प्याटप्प्याने वाढवला, आणि आरशाबद्दलची बेचैनी दर आठवड्याला बोलून काढली. वजन ५१ वर आल्यावरही पाळीला आणखी काही महिने लागले. सहा ते बारा महिने असे प्रयत्न करूनही पाळी न आल्यास, हाडांसाठी त्वचेवरच्या पट्टीतून इस्ट्रोजेन आणि सोबत ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन देण्याचा विचार डॉक्टर करतात. तिला त्याची गरज पडली नाही. पुढच्या डेक्सामध्ये घसरण थांबली होती, मात्र घनता पूर्ण भरून आली नव्हती.

तुम्ही गोळ्या स्वतःहून बंद करू नका, कारण पहिल्या पाळीआधीच अंडोत्सर्ग होऊन गर्भ राहू शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन वरील तपासण्या आणि डेक्सा करून घ्या, आणि गेल्या वर्षभरातले खाणे, व्यायाम व वजन त्यांना जसेच्या तसे सांगा.