पोटदुखीच्या ड्रॉप्सची बाटली आधी उलटून वाचा

प्रश्न: मुलगा पाच आठवड्यांचा आहे. जन्माचे वजन 2.9 किलो, परवा 4 किलो भरले. फक्त अंगावर पितो. रोज संध्याकाळी सातला रडायला लागतो ते दहापर्यंत. पाय पोटाशी घेतो, तोंड लाल होते. सासूबाई ग्राइप वॉटर द्या म्हणतात. मेडिकलमधून पोटाचे ड्रॉप्स आणले, त्यावर सिमेथिकोन लिहिले आहे. किती थेंब द्यायचे? दोन्ही एकदम चालेल का? (जुळे सोलापूर)

उत्तर:

ताई, थेंब मोजण्याआधी बाटली हातात घ्या आणि मागचे लेबल पूर्ण वाचा. सिमेथिकोनच्या ओळीच्या वर किंवा खाली आणखी एखादे नाव आहे का ते बघा. मी बरीच वर्षे पूर्व भागात औषधांच्या दुकानात काउंटरवर होते. आपल्याकडे "बाळाच्या पोटाचं ड्रॉप द्या" एवढ्यावर जी बाटली मिळते, ती दोन प्रकारची असू शकते. दिसायला दोन्ही सारख्याच, तोच ड्रॉपर, तसेच खोके.

पहिल्या प्रकारात सिमेथिकोन आणि सोबत नावापुरते शेपूचे आणि बडीशेपेचे तेल असते. दुसऱ्या प्रकारात सिमेथिकोनसोबत डायसायक्लोमीन हायड्रोक्लोराइड असते, इंग्रजीत डी-आय-सी-वाय अशी सुरुवात होते. हे आतड्याचे पेटके कमी करणारे औषध आहे आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते देऊच नये. पूर्वी ते पोटशूळावर सर्रास दिले जायचे. नंतर लहान बाळांना औषध पोटात गेल्यावर काही मिनिटांतच श्वास अडकणे, झटके येणे, अंग एकदम सैल पडणे, बेशुद्ध होणे असे प्रकार नोंदले गेले. अमेरिकेत 1980च्या दशकातच या वयासाठी त्यावर स्पष्ट मनाई आली. आपल्याकडे हे मिश्रण अजून मिळते. मोठ्या भावंडासाठी आणलेली बाटली कपाटात असते आणि रात्री घाईत तीच उघडली जाते, हेही घडते. तुमच्या बाटलीवर हे नाव असेल तर बाळाला एक थेंबही देऊ नका, ती परत करा. आधीच दिले असेल आणि बाळ सुस्त, निळसर किंवा श्वासाला जड वाटत असेल, तर बाटली सोबत घेऊन तडक सिव्हिलला किंवा जवळच्या मुलांच्या दवाखान्यात जा.

आता बाटलीत फक्त सिमेथिकोन आहे असे धरून पुढे बोलते.

लेबलवर एक मिलीमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते शोधा, कारण मात्रा मिलिग्रॅमची असते, थेंबांची नसते. आपल्याकडे बहुतेक बाटल्या मिलीला 40 मिलिग्रॅमच्या असतात. या वयात एका वेळची रूढ मात्रा 20 मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिली. पाजल्यानंतर आणि रात्री झोपताना, दिवसातून चार वेळा. दिवसाचे झाले 2 मिली, म्हणजे 80 मिलिग्रॅम. काही ब्रँड पाजण्याआधी द्यायला सांगतात, त्याने फारसा फरक पडत नाही. मात्र परदेशातून कोणी बाटली आणली असेल तर थांबा. तिथल्या काही बाटल्यांत 0.3 मिलीमध्येच 20 मिलिग्रॅम असते, त्यामुळे इथला अर्धा मिलीचा हिशेब तिथे चालणार नाही. अमेरिकी लेबलवर दिवसाला बारा मात्रांची, म्हणजे 240 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, पण ती गाठायची वस्तू नाही. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी मात्रा लिहून दिली असेल तर तीच पाळा.

"दहा थेंब दे" अशी सांगोवांगी मात्रा घेऊ नका. हे औषध पाण्यापेक्षा दाट असते, ड्रॉपरच्या तोंडाप्रमाणे थेंबाचा आकार बदलतो. ड्रॉपरवर 0.5ची रेघ असते, तिथपर्यंत भरा. भरण्याआधी बाटली नीट हलवा, कारण औषध तळाशी बसते. न हलवता दिले तर पहिले आठ दिवस निव्वळ गोड पाणी जाते आणि शेवटी घट्ट औषध. ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला टेकवून हळूहळू सोडा. रडत्या बाळाच्या घशात थेट पिचकारी मारली तर ठसका लागतो.

इतके करून गुण येतो का? खरे सांगायचे तर यायला फारसे कारण नाही. सिमेथिकोन पोटातल्या फेसाचे बारीक बुडबुडे फोडून एकत्र करते. ते रक्तात जात नाही, शीतून जसेच्या तसे बाहेर पडते. म्हणून ते बऱ्यापैकी निर्धोक आहे, आणि म्हणूनच त्याची ताकदही तेवढीच. शिवाय रडण्याचे मूळ वायूत आहे हेच सिद्ध नाही. बाळ रडताना हवा गिळते, त्यामुळे पोट फुगते आणि वायू सरतो. आपण तो वायू बघतो आणि त्यालाच दोषी धरतो.

याची एक चांगली चाचणी अमेरिकेत झाली, 1994 साली प्रसिद्ध झाली. दोन ते आठ आठवड्यांची 83 बाळे होती. प्रत्येकाला काही दिवस सिमेथिकोन आणि काही दिवस तसेच दिसणारे बिनऔषधी द्रव दिले. कधी काय चालू आहे ते ना आईला माहीत, ना डॉक्टरला. 28 टक्के बाळांना फक्त सिमेथिकोनवर बरे वाटले, 20 टक्क्यांना दोन्हींवर, आणि 37 टक्क्यांना फक्त बिनऔषधी द्रवावर. म्हणजे नुसते द्रव औषधाच्या मागे राहिले नाही. पुढे जे पुरावे एकत्र तपासले गेले, त्यांतही याच्या बाजूने काही भक्कम निघाले नाही.

मग शेजारची "आमच्या छकुलीला दोन दिवसांत फरक पडला" म्हणते ते खोटे असते का? नाही. हे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्याच्या आसपास टोकाला पोचते आणि तीन महिन्यांच्या सुमाराला बहुतेकांचे ओसरते. आई हैराण होऊन बाटली आणते ती टोकाच्या दिवसांत. त्यानंतर रडणे उतरतेच, श्रेय बाटलीला मिळते.

ग्राइप वॉटरची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते 1851मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने बनवले. मूळ मिश्रणात शेपूचे तेल, खायचा सोडा, साखर आणि चक्क मद्यार्क होता. मद्यार्क आता निघाला आहे, तरी लेबलवर बघाच. आपल्याकडे सोडा बहुधा "सर्जिकाक्षार" नावाने लिहिलेला असतो. आता गंमत बघा. सोडा पोटातल्या आम्लाला भेटला की वायूच तयार होतो. वायूवर औषध म्हणून आपण वायू करणारी वस्तू पाजतो! तरीही चमचा दिल्यावर बाळ गप्प होते हे मीही पाहिले आहे. जिभेवर गोड लागले की तान्ही बाळे काही मिनिटे शांत होतात, सुई टोचताना दवाखान्यात साखरेचे पाणी देतात ते याच कारणाने. परिणाम अर्ध्या तासाच्या आत संपतो, बाळ पुन्हा रडते, आणि घरात दुसरा चमचा भरला जातो.

काळजी इथे आहे. 5 मिलीचा चमचा दिवसातून पाच-सहा वेळा गेला तर 4 किलोच्या बाळाच्या पोटात 25-30 मिली गोड पाणी गेले, तेवढे दूध कमी प्यायले जाते. सोडा वारंवार गेला तर रक्तातल्या क्षारांचे गणित बिघडू शकते. बाटली महिनाभर उघडी, चमचा ओट्यावरचा, त्यात आपला एप्रिल-मे. अमेरिकेत 2007 साली एका ब्रँडच्या ग्राइप वॉटरमध्ये आतड्याला संसर्ग करणारा परजीवी सापडला होता, सहा आठवड्यांचे बाळ त्याने आजारी पडले होते. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिने वरचे पाणी नको म्हणतात, त्यात हेही आले. म्हणून माझे मत सरळ आहे: ग्राइप वॉटर नको, आणि दोन्ही एकदम तर नकोच. दोन्ही दिले तर कशाने काय झाले हेही कळत नाही. सासूबाईंना हौस असेल तर पोट शेकू द्या. फडके आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचे. चाटवण्यात मध मात्र नको, वर्षाच्या आत त्यातून विषबाधेचा धोका असतो.

तुमच्या बाळाचे वजन पाच आठवड्यांत 1100 ग्रॅम वाढले, दिवसाला साधारण 30 ग्रॅम पडले. अंगावरच्या बाळाला ही चांगली वाढ आहे, त्यामुळे पोट भरत नाही म्हणून रडतो ही शंका सोडा. ठराविक वेळ, मधल्या वेळात खुशाल, वजन चढते: हे नेहमीच्या पोटशूळासारखे दिसते. ड्रॉप्स द्यायचेच असतील तर नियम लावून द्या. कॅलेंडरवर आधी तीन दिवस रडण्याची वेळ लिहा, काही न देता. मग आठवडाभर अर्धा मिली चार वेळा द्या, तशीच वेळ लिहा. निम्म्यानेही फरक नसेल तर बंद करा, मात्रा वाढवून बघू नका. फरक दिसला तरी दोन-तीन दिवस थांबवून बघा. बहुतेकदा रडणे वाढत नाही, मग बाटली ठेवून द्यायला हरकत नाही.

संध्याकाळी सातच्या आधी एकदा पाजून घ्या, खांद्यावर घेऊन ढेकर काढा. खोलीतला दिवा आणि टीव्ही बंद करून उभ्याने फिरवा. सोलापूरच्या उकाड्यात कुंची आणि दोन दुपटी गुंडाळलेले बाळ नुसत्या उष्म्यानेही रडते, एक कापड काढून बघा. आणि तुमचा संयम सुटतोय असे वाटले तर बाळाला पाळण्यात ठेवून दहा मिनिटे बाहेर जा. हलवून गप्प करायला जाऊ नका, त्याने मेंदूला इजा होते.

एक प्रश्न तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा: बाळाला थायरॉइडची गोळी चालू आहे का, किंवा जन्मानंतरच्या रक्ततपासणीत तसे काही आले होते का. सिमेथिकोन त्या औषधाचे शोषण कमी करू शकते. अशा बाळाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

पुढीलपैकी काहीही दिसले तर थेंबांचा विचार सोडून लगेच दाखवा: हिरवी उलटी, शीतून रक्त, पोट टणक फुगणे, जांघेत गाठ, 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध टाकणे, दिवसात सहापेक्षा कमी लघव्या, किंवा रोजच्या वेळेबाहेर अचानक सुरू झालेले न थांबणारे रडणे. अशा वेळी कपडे काढून बोटे आणि शिश्नही तपासा. आईचा केस बोटाला आवळून बसलेला असतो आणि वरून काही कळत नाही.