तोंडवळा, चेहरेपट्टी की हुबेहूब? फोटोवरून कोळशाचं चित्र काढताना

प्रश्न: आजोबांच्या जुन्या फोटोवरून कोळशाचं स्केच काढून घेतोय, वर्षश्राद्धाला लावायला. इथले एक चित्रकार काका म्हणाले "तोंडवळा आणून देतो, हुबेहूब मागू नका". मला तर दोन्ही एकच वाटतं, काही फरक आहे का? आणि 'लाइकनेस'ला मराठीत नेमका शब्द कोणता?

उत्तर:

काकांनी शब्द अगदी मोजून वापरलेत हो. फरक आहे, आणि बोलताना आपण तो पाळतोही, फक्त लक्षात येत नाही. गोदाघाटावर समोरून कुणी येताना लांबनं दिसलं की आपण म्हणतो "तोंडवळा देशमुखांच्या मुलासारखा वाटतोय". जवळ आल्यावर म्हणतो "नाही, चेहरेपट्टी वेगळीये". पण लांबच्या माणसाला बघून "हुबेहूब तोच" असं सहसा कुणी म्हणत नाही, त्यासाठी माणूस हाताच्या अंतरावर लागतो. म्हणजे तीन शब्द, तीन अंतरं. फोटोवरून चेहरा उतरवतानाही ह्याच तीन पायऱ्या ह्याच क्रमाने येतात, आणि चित्रकार कुठल्या पायरीवर थांबणार ते आधी ठरवतो.

तोंडवळा म्हणजे चेहऱ्याचं एकूण वळण. डोक्याचा आकार, कपाळ किती वर गेलंय, गाल भरलेले का बसलेले, जबडा, आणि सावल्या कुठे पडल्यात, बस. डोळे-नाक सुटे सुटे अजून नाहीतच. फोटोतला तोंडवळा बघायचा तर डोळे अर्धे मिटून बघा, किंवा मोबाईलवर तो फोटो अंगठ्याच्या नखाएवढा छोटा करा. जे उरतं ते तोंडवळा. कंप्युटरवर GIMP असेल तर आणखी सोपं, Colors > Desaturate करून रंग घालवायचे, Filters > Blur > Gaussian Blur मधे फोटो चांगला धूसर करायचा आणि मग Colors > Posterize मधे तीनचार पातळ्या ठेवायच्या. काळे-करडे-पांढरे असे तीनचार डाग उरतात आणि गंमत म्हणजे घरातली माणसं त्या डागांवरूनही आजोबांना ओळखतात.

कोळसा ह्याच कामाचा आहे. वेलीचा किंवा विलोचा जो मऊ कोळसा मिळतो त्याची कांडी आडवी धरून घासली की एका हातात पूर्ण सावली पडते, चुकली तर कापडाने झटकून टाकता येते. दाबून बनवलेला कोळसा (कॉम्प्रेस्ड म्हणतात तो) जास्त काळा, पण कागदात घुसला की नीट पुसला जात नाही, म्हणून तो शेवटी. पेन्सिलने सुरुवात केली की माणूस लगेच पापण्या काढायला लागतो आणि तोंडवळा राहून जातो, हे मी स्वतःवरून सांगतोय.

आता चेहरेपट्टी. ह्यात असतात अंतरं. दोन डोळ्यांमधलं, भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं, नाक आणि वरच्या ओठातलं, ओठ आणि हनुवटीतलं. सगळ्यांकडे नाक आहे, सगळ्यांकडे ओठ आहेत, फरक पडतो तो कुठलं किती लांब आहे ह्याने. ओळख पटते ती मुख्यतः इथे, आणि काम बिघडतं तेही इथेच. माझंच सांगतो.

माझ्या थोरल्या काकांचा एक फोटो होता, जुन्या नाशकातल्या वाड्याच्या चौकात काढलेला, वरून उजेड, डोळ्यांच्या खोबणीत छान सावली. मेन रोडवर ४ बाय ६ इंचाची प्रिंट काढली, त्यात डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत ६ सेंमी भरलं. ए-थ्री कागदावर १८ सेंमीचं काढायचं ठरवलं, म्हणजे तिप्पट. प्रिंटवर १ सेंमीचे चौकोन, कागदावर ३ सेंमीचे, ही आपली शाळेतली नकाशा मोठा करायची पद्धत. चौकोन पाडले की कुठली रेघ कुठल्या घरातून जाते एवढंच बघायचं असतं, त्यामुळे चेहरा बराचसा आपोआप जागेवर बसतो, आणि मी त्याच भरवशावर राहिलो. चित्र झालं, सावल्या झकास, मीच खूष. काकूने बघितलं, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "छान आहे रे, पण हे ह्यांचे भाऊ वाटतात."

बघा, काय नेमकं बोलली! तोंडवळा आलेला, चेहरेपट्टी चुकलेली. भाऊच की तो.

मग चूक शोधायला बसलो. चित्राचा मोबाईलवर फोटो काढला आणि आरशासारखा उलटा केला, मूळ फोटोही तसाच उलटा करून शेजारी ठेवला, कारण रोज बघून सवय झालेल्या चित्रातली चूक डोळ्याला दिसत नाही, उलटं केलं की पटकन खटकते. ओठांच्या वर काहीतरी लांब वाटत होतं. कंपासपेटीतला डिव्हायडर घेऊन मोजलं. फोटोत नाकाच्या बुडापासून वरच्या ओठापर्यंत ४ मिमी, म्हणजे कागदावर १२ मिमी पाहिजे, मी १५ काढलेलं. फक्त ३ मिमी! आणि ती ३ आली कुठून, तर प्रिंटवर मी नाकाचं बूड एका मिलिमीटरने वर धरलेलं, तिप्पट करताना चूकही तिप्पट झाली. ते अख्खं अंतर एकाच चौकोनात होतं त्यामुळे चौकोनाच्या रेघांनी काही पकडलंच नाही. तेव्हापासून डोळे, नाक, तोंड एवढ्या भागात मी अर्ध्या सेंमीचे चौकोन पाडतो, बाकी डोकं-खांदे मोठ्या चौकोनात चालतात, कारण खांदा ३ मिमी सरकला तर कुणी "भाऊ" म्हणत नाही.

(जाता जाता, चौकोन कडक पेन्सिलने दाबून आखू नका. कागदाला खाच पडते, कोळसा त्या खाचेत जात नाही आणि गालावर पांढऱ्या रेघा उमटतात. शिवाय पेन्सिलीच्या गुळगुळीत थरावर कोळसा धरतच नाही. मऊ कोळशानेच हलक्या आखायच्या, नंतर झटकल्या की गेल्या.)

आता 'हुबेहूब'. शब्द फारसीतून आलाय, मूळ 'हू-ब-हू'. 'हू' म्हणजे अरबीतला 'तो', म्हणजे 'तोचा तोच'. फार मोठा दावा आहे बरं का हा, सारखा नाही तर तोच. आणि तुमचे काका तो करत नाहीयेत ह्याचं कारण मला वाटतं त्यांच्या हाताची कमतरता नसून तुमच्या फोटोची मर्यादा आहे. जुना फोटो, त्यात चेहरा बोटाच्या पेराएवढा असेल तर पापण्या, सुरकुत्या, डोळ्यातली चमक हे त्यात मुळात नाहीच. ते तिप्पट-चौपट करून काढायचं म्हणजे चित्रकाराने ते मनाने भरायचं, आणि मनाने भरलेल्या पापण्या आजोबांच्या नसतात, कुणाच्याही असतात. तपशील वाढतो आणि ओळख कमी होते, असा उलटा प्रकार. म्हणून शहाणा चित्रकार फोटोत जे दिसत नाही ते सावलीतच ठेवतो. कोळशात ते शोभतंही, एक डोळा अर्धा सावलीत गेला तरी बघणारा तो स्वतः पूर्ण करतो, आणि बघणारा घरचा असेल तर बरोबर करतो.

फोटोत सगळं स्वच्छ दिसत असलं तरी हुबेहूबच्या मागे लागण्यात एक गोची आहे. सुरकुत्या सगळ्या सारख्याच काळ्या काढल्या की ७० चा माणूस ८५ चा दिसतो. फोटोत त्यातल्या बऱ्याचशा फिकट करड्या असतात, पण हाताने रेघ ओढली की ती काळीच होते.

म्हणून काकांकडे जाताना एकापेक्षा जास्त फोटो असतील तर निवडून न्या. समोरून फ्लॅश मारलेला नको, त्यात सावल्याच नसतात, चेहरा ताटासारखा सपाट होतो आणि तोंडवळा आणायला काही उरत नाही. हातभर अंतरावरून काढलेला सेल्फीही नको, त्यात नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात, चौकोन पाडून तो कितीही इमानदारीत उतरवला तरी चेहरेपट्टी चुकीचीच उतरणार, कारण फोटोतच चुकलीये. दीडदोन मीटरवरून, एका बाजूने उजेड असलेला सगळ्यात बरा. आणि त्यांना सांगताना "हुबेहूब पाहिजे" ऐवजी "चेहरेपट्टी पक्की ठेवा, तपशील कमी चालेल" असं सांगा, त्यांना लगेच कळेल.

राहिला 'लाइकनेस'. एकच शब्द हवा तर संस्कृतवाल्यांचा 'सादृश्य' आहे. कामसूत्रावरच्या यशोधराच्या जयमंगला टीकेत चित्राची सहा अंगं सांगितलीयेत, रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग, त्यातलं हे पाचवं. वर सांगितलेली मोजामोज ही खरंतर त्यातल्या 'प्रमाणा'ची. पण घरात कुणी "सादृश्य आलं नाही हो" म्हणणार नाही. 'साम्य' चालतं, जरा कोरडं आहे, दोन सह्यांमधेही साम्य असतं. 'साधर्म्य' नको, त्यात 'धर्म' आहे म्हणजे गुणाचा सारखेपणा, दिसण्याला ओढूनताणून लावतात. लघुचित्रांच्या जगात व्यक्तिचित्राला 'शबीह' म्हणायचे, मूळ अर्थच सारखेपणा, शब्द इतका नेमका की मराठीत रुळला नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

आणि बोलण्यात तर आपण नाम वापरतच नाही, क्रियापद वापरतो. "आजोबा आलेत चित्रात." "डोळे आलेत, तोंड नाही आलं." माझ्या काकांचं दुसऱ्यांदा काढलं, नाकाचं बूड ३ मिमी खाली घेतलं, बाकी सावल्यांना हातही लावला नाही. काकूने पाहिलं आणि म्हणाली, "हां, आता आले."